उलटं तोंड आणि माझे आशीर्वाद

आमच्या नातवाला चालायला यायला लागलं तसं त्यानं एक खूळ धरलं. कुणी म्हटलं, "आजीच्या पाया पड," की ते माझ्याकडं पाठ करून उभं राहायचं, कमरेत वाकायचं, दोन्ही तळहात जमिनीला टेकायचं आणि स्वतःच्या दोन पायांच्या मधून माझ्याकडं बघून खिदळायचं. डोळे खाली, तोंड वर, आणि चारच दात. पाया पडायचं सोडून आम्हालाच हसवायचं. मूल असं वाकून बघायला लागलं की घरात पाहुणा येतो, असं आमच्याकडं म्हणतात. आमच्याकडं पाहुणे तसेही रोजच, त्यामुळं ते खरं की खोटं ते काही मला सांगता यायचं नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथनंच झाला.

सणाला आठ दिवस राहून लेक, सून आणि नातू पुण्याला परत गेले. जाताना लेकानं त्याचा जुना फोन मला दिला. माझी शाळा चौथीतच सुटली. पुढचं वाचन किराणा बांधून येणाऱ्या कागदांवर झालं. पण वाचायची हौस दांडगी, त्यामुळं फोन मला जड गेला नाही. घरच्या माणसांचा एक ग्रूप होता, त्यात मी रोज सकाळी काहीतरी लिहायची. सून उत्तर द्यायची. तिच्या उत्तराखाली बऱ्याचदा एक पिवळं गोल तोंड असायचं, उलटं. डोळे खाली, तोंड वर.

आता तुम्हीच सांगा, मला काय वाटणार? मला नातूच दिसला. म्हटलं, शहाणी पोरगी, लांबनं पाया पडते. समोर नसली तरी रीत सोडत नाही. मग पाया पडलेल्या माणसाला मोकळं कसं सोडायचं? मी लगेच खाली लिहायची, "सुखी राहा. औक्षवंत हो."

एकदा तिनं लिहिलं, "बस चुकली, छत्री घरी राहिली, आणि साहेब आज लवकर आलेत. मस्त दिवस 🙃" मी लिहिलं, "सुखी राहा."

एकदा लिहिलं, "बाळानं माझ्या चपलेत दूध ओतलं. धन्य झाले 🙃" मी लिहिलं, "औक्षवंत हो."

आज ते वाचलं की मला माझंच हसू येतं. पण तेव्हा मी खुशीत होते. शेजारणींना दाखवायची, "बघा, पुण्यातली सून असून दिवसातनं दोनदा पाया पडते."

मग निघालं नातवाचं जावळ. पहिले केस. आमच्यात ते विषम वर्षात काढतात, मामाच्या मांडीवर बसवून. बाळाला नुकतंच तिसरं लागलं होतं. माझ्या मालकांनी रविवार बघितला, भावकीला निरोप गेला, न्हाव्याला सांगून झालं. मामाचं नळदुर्गला हायवेवर टायरचं दुकान आहे, त्याला कुठलाही दिवस चालत होता. मी ग्रूपवर लिहिलं, "जावळ रविवारी. पुरणाचा स्वयंपाक आहे. सूनबाईनं दोन दिवस आधी यावं, म्हणजे हाताखाली होईल."

सुनेचं उत्तर आलं, "छान. अगदी वेळेवर 🙃"

मला इतकं बरं वाटलं! वेळेवर म्हणाली, वर पाया पडली. मी लिहिलं, "सुखी राहा. औक्षवंत हो. अशीच गुणाची राहा."

त्यावर तिचं काही आलं नाही. मला वाटलं, कामात असेल.

दोन दिवसांनी विहीणबाईंचा, म्हणजे सुनेच्या आईचा, परंड्याहून फोटो आला. बाळाला कपडे, माझ्या मुलाला शर्टाचं कापड, मला लुगडं, सगळं पलंगावर मांडून काढलेला. खाली लिहिलं होतं, "आमच्याकडून साधंच आहे, गोड मानून घ्या." विहीणबाई माझ्यापेक्षा वयानं मोठ्या. म्हटलं, सून पाया पडायला शिकली ते कुणाकडनं? आपणही तिच्या आईला मान द्यावा. फोनमधली ती पिवळी तोंडं उघडली. सरळ हसऱ्या तोंडाच्या अगदी शेजारीच ते उलटं बसलेलं. दाबलं. "लई छान आहे 🙃" असं पाठवून मोकळी झाले.

थोड्या वेळानं त्यांचा फोन.

"ताई, जरा विचारायचं व्हतं. आमचं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकणार विहीणबाई?"

"न्हाय, लुगड्याचा रंग आवडला नसंल तर तसं सांगा. अजून घडी मोडली न्हाय, बदलून आणते."

"अहो, लई छान म्हटलं की मी!"

"तेच की. लई छान म्हणलात आन खाली तोंड उलटं केलंत."

"मग? पाया पडले तुमच्या. तुम्ही थोरल्या."

"पाया पडलात? आगं बया बया बया!" आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला, पाणी प्यायला गेल्या, परत येऊन पुन्हा हसल्या.

"ताई, त्ये पाया पडणं न्हाय. आमची लेक चिडली की त्ये पाठवती. वरनं गोड बोलायचं आन खाली ह्ये. मागं तिला म्हणलं, कुरड्या घालायला चार दिस ये. तर लिव्हती, 'हो ना, मला तर दुसरं कामच नाही,' आन खाली ह्ये उलटं थोबाड. मी वळखलं, पोरीचं डोस्कं तापलंय. तवापासनं ह्ये दिसलं की मी गप बसते."

मी विचारलं, "नेहमीच चिडलेली असते?"

"नेहमी न्हाय. पण मला चिडल्यावरच पाठवती. आईला दुसरं काय पाठवणार?" मग हळूच म्हणाल्या, "जावळाच्या तारखेचं तिनं काय लिव्हलं तुम्हाला?"

"अगदी वेळेवर म्हणाली. आणि ते."

"हं," विहीणबाई म्हणाल्या. "पोरीकडच्या माणसांनी तारखेवर काय बोलायचं? तुम्हीच विचारा तिला." आणि फोन ठेवला.

मला उत्सुकता लागली. हसरं तोंड राग कसा दाखवेल? मी फोनच उलटा धरला. तोंड सरळ झालं, साधं हसू. फोन सरळ केला, तोंड उलटं. हसू तेच, रेषेत काडीचा फरक नाही. पण उलटं असताना बघितलं तर ती ओठांची रेघ डोळ्यांच्या वर जाऊन कपाळावरच्या आठीसारखी दिसत होती. असं वाटत होतं की माणूस आतनं हसत नाही, नुसतं हसू लटकवून ठेवलंय.

मग मी चहा ठेवला आणि सुनेचं सगळं जुनं लिहिलेलं वर वर सरकवत वाचायला बसले. तांदूळ निवडतो तसं. जिथं उलटं तोंड आहे तिथं थांबायचं. ते तोंड बोटानं झाकायचं आणि नुसतं वाक्य वाचायचं. "मस्त दिवस." बस चुकलेल्या, भिजलेल्या माणसाचा दिवस मस्त कसा? म्हणजे वाक्य खोटं. खोटं आहे हे कळावं म्हणून खाली ते तोंड. आपण नाही का म्हणत, उशिरा येणाऱ्या माणसाला, "या या, लई लवकर आलात!" तिथं आपला आवाज सांगतो, भुवई सांगते. फोनात ना आवाज, ना भुवई. मग ते काम त्या बिचाऱ्या तोंडाच्या गळ्यात.

पण सगळीकडं तसं नव्हतं. एका ठिकाणी लिहिलेलं होतं, "आज कुर्ता उलटा घालून ऑफिसला गेले. जेवणाच्या सुट्टीत कळलं 🙃🙃😂" बोट ठेवून वाचलं. वाक्य खरंच आहे, कुर्ता उलटाच होता. तिथं ती कुणावर चिडलेली नाही, स्वतःलाच हसतेय. एकाच्या जागी दोन तोंडं, आणि शेजारी डोळ्यात पाणी येईतो हसणारं एक. ते सोबतीला असलं की समजावं, हे नुसतं खेळणं आहे. आणि चपलेत दूध? ते मधलंच. राग बाळावर नाही, नशिबावर. रडायचं सोडून हसून घेतलेलं.

मग आलं, "छान. अगदी वेळेवर." बोट ठेवलं. दोन तुटक वाक्यं, मधे पूर्णविराम, तोंड एकटंच, सोबतीला कुणी नाही. बाळाच्या जावळाला आईनं एवढंच लिहावं? मला तारखेत काहीच वाईट दिसत नव्हतं. म्हणजे जे वाईट होतं ते मला ठाऊक नव्हतं.

तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावला.

"जेवलीस का?"

"हो आई. तुम्ही?"

"मी जेवीन गं. एक विचारू? तू ते उलटं तोंड पाठवतेस ना, ते पाया पडणं नसतं का?"

"काय?"

मी नातवाचं सगळं सांगितलं. पाठ करून वाकणं, पायांतून बघणं. ती आईसारखीच हसत सुटली. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं असावं, कारण ती तिला म्हणाली, "काही नाही हो, सासूबाई आहेत."

मग मला म्हणाली, "आई, म्हणून तुम्ही दरवेळी सुखी राहा लिहायचात?"

"मग! पाया पडलेल्याला तसंच सोडू?"

"आई, त्याचा एकच असा अर्थ नसतो. मैत्रिणींमध्ये आम्ही गंमत म्हणून टाकतो, वेडेपणा केला की. कधी सगळंच बिघडलं आणि करता काही येत नाही, तेव्हा टाकतो. आणि कधी..."

"आणि कधी टोमणा."

"हो. स्पष्ट बोलायचं नसतं, पण गिळायचंही नसतं. मग गोड लिहायचं आणि ते उलटं टाकायचं. समोरच्यानं विचारलंच, तर 'अहो, हसरंच तोंड आहे की' म्हणायला मोकळं."

"आमच्या काळी भांडी आपटायचो," मी म्हटलं. "हे बरं, पोचे येत नाहीत."

ती हसली. पण मला जे विचारायचं होतं ते राहिलंच होतं. म्हटलं, "अगदी वेळेवर म्हणालीस, ते कुठलं?"

तिकडं डबा बंद केल्याचा आवाज आला.

"त्या रविवारी माझी परीक्षा आहे आई. खात्याची. वरच्या जागेसाठी. वर्षातनं एकदाच असते."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुम्हाला माहीत होतं ना? ह्यांनी सांगितलं होतं. 'आईला सांगितलंय' म्हणाले."

माझा लेक! फोनवर मला पुण्यातल्या भाज्यांचे भाव सांगतो, समोरच्या इमारतीला कुठला रंग देताहेत ते सांगतो, आणि हे तेवढं राहिलं. मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही मुद्दाम नाही धरली ती तारीख?"

"मुद्दाम कशाला धरू गं?"

"मला वाटलं, तुम्हाला माझी परीक्षा पसंत नाही. म्हणून मी तसं लिहिलं. आणि त्यावर तुम्ही 'सुखी राहा, औक्षवंत हो, अशीच गुणाची राहा' लिहिलंत. मला वाटलं, सासूबाई आपल्यापेक्षा पुढं आहेत! माझा टोमणा घेतला आणि वर आशीर्वादाचा टोमणा हाणला." तिचा आवाज खाली गेला. "मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली, आई. म्हटलं, जाऊ दे. पहाटे उठून वाचायचं बंद केलंय दोन दिवस."

आता बघा. तिचं हसरं तोंड राग होता, तो मी मान समजले. माझा आशीर्वाद खरा होता, तो ती राग समजली. दोघींनी एकमेकींना गोडच लिहिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. मी ओतत राहिले, आणि घडा भरतोय असं मला वाटत राहिलं.

"पुस्तकं खाली काढ," मी म्हटलं. "तारखेचं मी बघते."

बघते म्हणणं सोपं. मालक ओसरीत पेपर वाचत बसले होते. परीक्षेचं आणि लेकाच्या विसरण्याचं सांगून त्यांना म्हटलं, "जावळ पुढं ढकलायचं."

"भावकीला सांगून बसलोय."

"परत सांगा. भावकी काय आजच ताट घेऊन बसली आहे?"

"न्हाव्याला सांगितलंय."

"न्हावी कुठं पळून चाललाय? केस पण कुठं चाललेत? वाढतील आणखी."

"लोक काय म्हणतील? सून म्हणली म्हणून तारीख फिरवली!"

"सून काही म्हणली नाही, हेच तर झालंय," मी म्हटलं. "म्हणली असती तर इतकं रामायण कशाला झालं असतं? आणि तिसरं वर्ष लागलंय नुसतं, सरलंय कुठं? विषम ते विषमच राहतंय."

त्यांनी पेपर वर धरला. पेपरामागनं म्हणाले, "मग लेकाला सांगायला लाव भावकीला. त्यानंच निरोप खाल्लाय." म्हणजे मान्य. चाळीस-बेचाळीस वर्षं संसार केला, पेपरामागचा आवाज मला बरोबर ओळखू येतो. त्याला कुठलं तोंड लावायची गरज पडत नाही.

मी ग्रूपवर लिहिलं, "सूनबाईची परीक्षा आहे. जावळ परीक्षेनंतरच्या पौर्णिमेला." खाली कुठलंच तोंड लावलं नाही. म्हटलं, सरळ सांगायचं ते सरळ सांगावं. लेकानं लगेच हात जोडलेले पाठवले. विहीणबाईंनी नुसतं "बरं" लिहिलं. आणि सुनेनं काहीच लिहिलं नाही, फोन केला. म्हणाली, "आई, पुस्तकं काढली." इतकंच.

परीक्षेच्या दिवशी दुपारी तिचं आलं, "झाला पेपर. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, गोष्ट रचून लिहिली 🙃😂"

मी बोट ठेवलं. वाक्य खरं. स्वतःवर हसणं. सोबतीला दुसरं. कुणावर काही नाही. पण खरं सांगते, खात्री होईना. येत नव्हतं म्हणजे सगळा पेपरच वाईट गेला आणि वर हसतेय, असंही असेल की. शेवटी शिकण्यानं एवढंच कळतं की विचारावं लागतं. मी लिहिलं, "हे गमतीचं का दुःखाचं?" तिनं लिहिलं, "गमतीचं. बाकीचे चांगले गेलेत." मग मी आशीर्वाद दिला. आधी नाही. निकाल अजून लागायचा आहे.

पौर्णिमेला सगळे आले. मामाच्या मांडीवर बाळ बसलं, पहिली बट पडली तेव्हा जे काही बोंबललं ते शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं. केस गेल्यावर नुसतं वाटाण्यासारखं डोकं घेऊन फिरत होतं आणि दर पाहुण्याला पाठ करून, वाकून, पायातनं बघत होतं. विहीणबाई मला कोपरानं ढोसत म्हणाल्या, "ताई, बघा बघा. पाया पडतंय का चिडलंय?"

"त्याला विचारा," मी म्हटलं.

मग सून आली, पदर खोचलेला, हाताला हरभऱ्याची डाळ लागलेली. वाकून पाया पडली, खरोखरची. आणि माझ्या एक ध्यानात आलं, ज्याकडं इतक्या वर्षांत कधी लक्ष गेलं नव्हतं. पाया पडणाऱ्याचं तोंड दिसतच नाही. दिसतो तो भांग, त्यातलं कुंकू, फार तर मान. एवढी माणसं माझ्या पाया पडली, त्यांच्या तोंडावर त्या वेळी काय होतं, कुणास ठाऊक!

मी म्हटलं, "वर बघ गं जरा."

ती तशीच खाली राहिली, मान वाकडी करून खालनंच माझ्याकडं बघून हसली. तिरकं, अर्धं उलटं तोंड. "ओळखा, कुठलं?"

मी बरंच बघितलं. मग म्हटलं, "उठ आधी, आमटी उतू चाललीय."